एकतिसावा शर्ट

माझ्या नणंदेला बाजारात सगळे 'मास्तर' म्हणतात. शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची रीतच आहे, आणि बाई शिवते म्हणून त्यांनी वेगळा शब्द शोधला नाही. मी त्यांना वन्सं म्हणते. कापड बेतणं, कापणं त्यांच्याकडे आणि काजं, बटणं, इस्त्री माझ्याकडे. बेकरीच्या वर आमच्या दोन खोल्या, चार मशिनं. खालच्या भट्टीमुळे फरशी बाराही महिने कोमट असते, आणि आमच्या गावची हवा तर अशी की वाळत घातलेला रुमाल संध्याकाळी काढावा तो सकाळपेक्षा ओला लागावा. खाडी जवळ, भिंती घाम गाळतात, काड्यापेटी पेट घेत नाही. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात कापड किती वेळात वाळतं याला फार महत्त्व आहे.

त्या वर्षी शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी गणवेश बदलायचा ठरवला आणि वन्संना बोलावून घेतलं. कापडाचे ठोक व्यापारी, ज्यांना आम्ही सॅम्पलशेठ म्हणतो, ते आधीच येऊन बसले होते. मोठ्या बाईंच्या गार खोलीत टेबलावर तीन तुकडे मांडलेले होते. एक शुद्ध सुती पॉपलीन, एक पूर्ण पॉलिस्टर आणि एक मिक्स, साठ टक्के सूत, चाळीस टक्के पॉलिस्टर.

"मला तर हेच आवडलं," मोठ्या बाई पॉलिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या. "रंग बघा कसा आहे. चुरगळत नाही, धुतलं की लगेच वाळतं. पालकांची कटकटच नको."

"शिवाय टिकाऊ," शेठ म्हणाले. "मूल वाढेल, शर्ट फाटणार नाही."

वन्संनी तुकडा उचलला, तोंडाशी धरून त्यातून फुंकर मारली, मग खिडकीकडे धरून बघितला. "बाई, या खोलीत बसून मला ब्लँकेटसुद्धा आवडेल," त्या म्हणाल्या. "कापड अंगावर घालून बघायचं असतं. दोन आठवडे द्या. पाचवीच्या वर्गात तीस मुलं आहेत ना? दहा-दहा शर्ट तिन्ही कापडांचे शिवते. मुलांना सांगायचं नाही कुणाच्या अंगावर काय आहे."

मोठ्या बाई हिशेबी होत्या, पण आडमुठ्या नव्हत्या. हो म्हणाल्या.

शेठनी तिन्ही कापडं दहा शर्टांची साडेबारा मीटर आणि वर अडीच, अशी पंधरा-पंधरा मीटर पाठवली. वन्संनी आधी शेठनी वेगळा दिलेला प्रत्येकाचा एकेक हातभर नमुना धुऊन बघितला. सुती तुकडा लांबीला चांगलाच आटला, मिक्स अगदी थोडा, पॉलिस्टर जसा होता तसाच. म्हणून सुती कापड अख्खं भिजवून, वाळवून मगच कापलं. प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत मी एक टाका खुणेचा घातला: सुतीला पांढरा, पॉलिस्टरला निळा, मिक्सला लाल. तीस शर्ट मी स्वतः मोजून, घड्या घालून शाळेत पोचवले.

पद्धत अशी ठरली की मुलांनी सकाळी शाळेत आल्यावर हे शर्ट घालायचे, तिसऱ्या तासाला मैदानावर खेळायचं आणि मधल्या सुट्टीत शर्ट काढून आपले घालायचे. आम्ही दोघी तराजू घेऊन तिथे असणार. प्रत्येक शर्ट आधी कोरडा तोललेला, मग घामाचा तोलायचा. त्यानंतर शाळेच्या शिपाई मावशी ते धुऊन, पिळून मागच्या व्हरांड्यात दोरीवर घालणार आणि कुठला किती वाजता वाळला ते लिहून ठेवणार. मावशी त्या शाळेत वीस वर्षं होत्या. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं.

पहिल्या दिवशीच मावशींनी दोरीवरचे शर्ट मोजले आणि मला हाक मारली.

"तू किती आणले होतेस?"

"तीस."

"मग हे एकतीस कसे?"

मी मोजले. एकतीस. पुन्हा मोजले. वन्सं हसल्या. म्हणाल्या, "काजं करून करून हिला एकाचे दोन दिसतात." मग त्यांनी मोजले आणि हसायच्या थांबल्या. सुती दहा, मिक्स दहा, निळ्या टाक्याचे अकरा. त्या अकरांत एकाचंच वरचं बटण लावलेलं होतं; तो आम्ही बघायला घरी नेला.

शिवताना एखादा जास्त झाला असेल, असं वरवर कुणालाही वाटेल. पण एका शर्टाला सव्वा मीटर जातं. दहा शर्टांना साडेबारा. घरी जाऊन वन्संनी पॉलिस्टरचा उरलेला तुकडा टेबलावर पसरला आणि मोजला. अडीच मीटर, बोटभरही कमी नाही. अकराव्या शर्टाला कापड गेलेलंच नव्हतं.

"शेठनी नमुना म्हणून एखादा शिवून पाठवला असेल," मी म्हणाले.

"माझ्या बेताचा? आणि तुझ्या हातच्या काजांचा?"

मी काज बघितलं. माझंच होतं. शेवटचा टाका मी उलटा घेते, तो तसाच उलटा घेतलेला होता. मी तो शर्ट शिवला नव्हता, एवढं मला छातीवर हात ठेवून सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मुलांना मोजून तीस शर्ट दिले आणि आम्ही परत आणलेला एकतिसावा स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला. मधल्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा मुलांचे शर्ट टोपलीत पडत होते. सुती शर्ट पाठीवर ओले, पण मुलं मजेत. पॉलिस्टरवाली मुलं शर्ट अंगापासून ओढून धरत होती. एक मुलगी म्हणाली, "बाई, याला आतून पाणी सुटतं." खरं तर पाणी तिचंच होतं. पॉलिस्टर ते पीत नाही, म्हणून कातडीवरच राहतं, आणि आमच्याकडची हवा आधीच ओली, ती तरी किती उडवणार.

मावशींनी कपाट उघडलं. घडी घालून ठेवलेला शर्ट हँगरवर टांगलेला होता. कॉलरचं वरचं बटण लावलेलं. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. पाठ, काखा, कॉलर ओलीचिंब होती. आणि कापड कोमट होतं, आत्ताच कुणाच्या तरी अंगातून काढल्यासारखं.

"कपाट उन्हात आहे का?" वन्संनी विचारलं.

"भिंतीच्या आत आहे," मावशी म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि टोपली उचलून धुवायला गेल्या.

पुढचे चार दिवस तेच झालं. वही भरत गेली. मैदानावरून आल्यावर सुती शर्ट पंचवीस-तीस ग्रॅमनी जड भरायचा, मिक्स पंधरा-अठरा, पॉलिस्टर जेमतेम सात-आठ. धुतल्यावर पॉलिस्टर दोन तासांत कोरडं, मिक्सला चार तास, सुतीला संध्याकाळ व्हायची, आणि आभाळ भरलेलं असलं तर दुसऱ्या दिवशीही त्याचे शिवण-कोपरे दमट. पॉलिस्टरला धुऊनही आंबूस वास राहू लागला होता. सुती शर्टांची इस्त्री पहिल्या तासालाच उतरायची. सगळं जसं असायला हवं तसं होतं. फक्त निळ्या टाक्याचा एक शर्ट वाळतच नव्हता. मावशींनी वहीत त्याच्यासाठी वेगळी ओळ आखली होती आणि त्या ओळीत वेळेच्या रकान्यात रोज एकच शब्द लिहिला होता: ओला. शिवाय रोज त्याचं वरचं बटण लावलेलं असायचं. मावशी लावत नव्हत्या. मी तर नाहीच.

शनिवारी वन्सं तो शर्ट घरी घेऊन आल्या. दुपारी पंख्याखाली टांगला. खाली फरशीवर थेंब पडायला लागले.

"पॉलिस्टर नसेलच हे," त्या म्हणाल्या. "शेठनी सुताचा ताना, उभे धागे, घातले असतील मधे."

त्यांनी आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. तिसऱ्या काडीला ज्योत आली. सूत असतं तर कागदासारखं भुरकन जळलं असतं आणि मऊ राखाडी राख झाली असती. हा धागा आखडला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. मग त्यांनी शर्टाच्या घडीतला सगळ्यात कमी ओला भाग टिपून घेतला आणि त्यावर चमच्याने पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. आत गेला नाही.

"पाणी घेत नाही," वन्सं म्हणाल्या. "मग इतकं पाणी येतंय कुठून?"

त्यांनी तो पिळला. वाटीभर पाणी निघालं. तोलला. पंख्याखाली धरून अर्ध्या तासाने पुन्हा तोलला. वजन कमी व्हायला हवं होतं. वाढलं होतं.

मी म्हणाले, "वन्सं, खाडीत टाकून देऊ या."

"उसवून बघते," त्या म्हणाल्या. त्यांना भीती वाटली की त्या जास्त काम करतात, हे मला माहीत आहे. त्यांनी शर्ट बेताच्या टेबलावर पालथा पसरला, उसवणी हातात घेतली, आणि तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "टेप दे."

त्यांनी डावा खांदा मोजला, उजवा मोजला. पुन्हा मोजला. उजवा खांदा अर्धा इंच खाली उतरवलेला होता. मुद्दाम, बेतातच. ज्याचा एक खांदा पडका असतो त्याच्यासाठी असा उतरवतात, नाही तर शर्ट मानेशी चढतो.

"पाचवीत कुणाचा खांदा असा आहे?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही." वन्सं स्टुलावर बसल्या. "एकीचा होता. बारा वर्षांपूर्वी. याच शाळेत."

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. शाळेचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं आणि जुन्या मोठ्या बाईंनी पॉलिस्टर ठरवलं होतं, बंद कॉलरचा शर्ट आणि वर जाड पॉलिस्टरचाच पिनाफोर, म्हणजे बिनबाह्यांचा झगा. मापं घ्यायच्या दिवशी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी सारखी खिडकीशी जाऊन वारा घेत होती. आईने कापड चिमटीत धरलं आणि विचारलं, "मास्तर, उन्हात चालेल ना हे? हिला उकाडा सोसत नाही."

"आणि मी म्हणाले, चालेल की," वन्सं म्हणाल्या. "न विचार करता. दोन तासांत वाळतं, इस्त्री नको, म्हणाले. तिने वाळण्याचं विचारलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय. मार्चमध्ये कळलं, ती मुलगी गेली. शाळेने सांगितलं, आधीपासून आजारी होती. मी मान्य केलं. मान्य करणं सोयीचं होतं ना."

सोमवारी आम्ही मावशींना विचारलं. मावशी टोपली खाली ठेवून पायरीवर बसल्या. बारा वर्षं कुणी विचारायची वाट बघत असाव्यात, तसं त्या बोलल्या.

"तपासणीची कवायत होती. अकरा वाजेपर्यंत पोरं मैदानात उभी. ही तिसऱ्या रांगेत. मी पाण्याची कळशी घेऊन कडेला होते. तिने मला खुणेने पाणी मागितलं. रांगेत जायचं नाही, असं मला सांगितलेलं होतं. तिने कॉलरचं बटण काढलं, तर ड्रिलच्या सरांनी येऊन लावलं. मग ती घामाने निथळत होती ती एकदम कोरडी झाली. चेहरा लाल. मला वाटलं, बरं वाटतंय आता तिला." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "आमच्या पालक संघात एक नर्सबाई आहेत. त्यांनी मला नंतर सांगितलं, घाम थांबला तेच वाईट होतं. नुसत्या कापडाने नाही गेली ती. ऊन, उभं राहणं, पाणी नाही, ते दोन थर, सगळ्यांनी मिळून. तीन दिवस हॉस्पिटलात होती."

"आणि तुम्ही हा शर्ट ओळखला होता?" वन्संनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. बटण लावलेलं बघितलं तेव्हाच."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बैठक ठरली. मोठ्या बाईंनी आपल्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. वन्संनी दारातूनच सांगितलं, "इथे नको. व्हरांड्यात बसू. जिथे मुलं घालणार तिथेच कापड ठरवू."

दुपारचे बारा वाजले होते. वारा पडलेला. मोठ्या बाई, शेठ, नर्सबाई, मावशी आणि आम्ही दोघी. पाच मिनिटांत शेठनी मानेवर रुमाल घातला. वन्संनी वही उघडून आकडे वाचले, काहीच न लपवता. सुती सगळ्यात सुखाचं, पण आमच्या हवेत वाळत नाही, चुरगळतं, रंग लवकर जातो. कामावर जाणाऱ्या आईने ओलाच शर्ट इस्त्री करून घातला तर पोराच्या काखेत पुरळ येतं.

"मग माझंच म्हणणं खरं की," शेठ म्हणाले. "पॉलिस्टर घ्या, मोकळे व्हा."

"पॉलिस्टर दोरीवर लवकर वाळतं, शेठ. अंगावर नाही. दोरीला घाम येत नाही."

नर्सबाई हसल्या. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वहीवर पेन्सिल टेकवली. "ही शेवटची ओळ काय आहे? एक शर्ट दोन आठवडे ओला?"

वन्संनी पिशवीतून शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. खाली लगेच ओल पसरली. मग त्यांनी सगळं सांगितलं. मापाचा दिवस, आईचा प्रश्न, स्वतःचं उत्तर. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला आपली कापण्यातली चूक सांगावी, तसं सांगितलं.

"कुणीतरी भिजवून ठेवलाय," शेठ म्हणाले. त्यांनी शर्ट उचलला, कठड्यापलीकडे धरून जोर लावून पिळला आणि झटकून परत टेबलावर पसरला. "आता बघा. दहा मिनिटांत कोरडा. मी तीस वर्षं हाच धंदा करतोय."

आम्ही बसून राहिलो. शेठ घड्याळ बघत होते. चौथ्या मिनिटाला पाठीच्या मधोमध एक काळसर डाग उमटला. तो हळूहळू खाली उतरत गेला, दोन्ही बाजूंना रुंदावला, काखांपाशी गेला. कुणी धावून आल्यावर शर्टावर ज्या आकाराची ओल दिसते, अगदी तीच. शेठचा हात घड्याळावरून खाली आला.

मोठ्या बाईंनी पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला. मी त्यांच्या शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. त्यांचा हात वर-खाली होत होता. शर्ट सपाट टेबलावर होता, आत हवा नव्हती, बाहेर वारा नव्हता, आणि त्यांचा हात बारीक, भराभर वर-खाली होत होता. धाप लागलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवल्यासारखा.

त्यांनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी शर्टाची कॉलरकडची बाजू अलगद उलटवली, आत बोटं नेली आणि वरचं बटण काढलं. एक. मग दुसरं. काज घट्ट होतं, त्यांना वेळ लागला. त्यांच्या तळहाताखालची धाप हळू झाली, अजून हळू, आणि मग काहीच दिसेना.

"मावशी, पाणी आणा," मोठ्या बाई म्हणाल्या. मावशींनी तांब्या आणला. बाईंनी तो शर्टाशेजारी ठेवला. कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मग शेठ म्हणाले, "मिक्समध्ये माझ्याकडे विरळ विणीचं आहे. यापेक्षा हलकं. उद्या पाठवतो." त्यांनी पॉलिस्टरचा तुकडा गुंडाळून काखेत मारला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

ठरलं ते असं. साठ-चाळीसचं मिक्स, विरळ विणीचं, फुंकर आरपार जाईल असं. उघडी कॉलर, रुंद बाही, एका बोटाचा सैलपणा जास्त. पिनाफोर बंद, टाय बंद. ज्यांच्या घरी सुती धुणं-वाळवणं जमतं त्यांनी त्याच रंगाचं सुती शिवलं तरी चालेल. आणि नऊनंतर मैदानावर कुणी उभं राहणार नाही. हे शेवटचं कापडात बसत नव्हतं, पण नर्सबाईंनी ते पहिल्या क्रमांकावर लिहायला लावलं.

शर्टाचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. वन्संनी तो पिशवीत घातला.

मुलीची आई खाडीच्या पलीकडे राहत होती. मावशींना घर माहीत होतं. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं काम ती करायची. आम्ही गेलो तेव्हा नुकतीच येऊन तोंड धूत होती. वन्संना तिने ओळखलं.

"मास्तर ना तुम्ही?"

"हो. बसायला नाही आले. तुम्ही मला एक विचारलं होतंत, त्याचं मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते सांगायला आले."

तिने दोघींना आत घेतलं. वन्संनी पुन्हा सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असतात तरी शाळेने तेच घालायला लावलं असतं."

"असेल. पण मी नाही म्हणाले नाही."

"नाही म्हणाला नाहीत," आई म्हणाली. तिने ते माफ केलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. होतं तसं समोर ठेवलं. मग तिची नजर पिशवीकडे गेली. पिशवीच्या कोपऱ्यातून फरशीवर थेंब पडत होते.

वन्संनी शर्ट तिच्या हातात दिला. तिने तो उलगडला नाही, मापला नाही, कॉलर बघितली नाही. नुसता नाकाशी नेला. तेलाचा आणि घामाचा, लहान मुलाच्या मानेला येतो तो वास मलासुद्धा इतक्या लांबून आला.

"इतका वेळ कुठे होतीस गं," ती म्हणाली, आणि मग तिने मुलीचं नाव घेतलं. मला ते तोवर माहीत नव्हतं. वन्संनाही आठवत नव्हतं. त्यांच्या मापाच्या वहीत फक्त वर्ग आणि क्रमांक असे. वन्संनी ते नाव हळूच पुन्हा उच्चारलं, पाठ करावं तसं. मी ते इथे सांगणार नाही, ते त्यांचं आहे.

आईने शर्ट दोरीवर घातला नाही. मांडीवर घेतला आणि पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घालायला लागली. आम्हाला निरोप द्यायलाही ती उठली नाही. दारातून मी मागे बघितलं तेव्हा ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, आणि मध्ये थांबून ऐकत होती. मी वन्संचा हात धरला आणि आम्ही जिना उतरलो. तो शर्ट वाळला की नाही, मला माहीत नाही. आम्ही कधी विचारलं नाही. तो टांगल्यापासून ओली राहिलेली आमच्या खोलीतली फरशी मात्र त्या संध्याकाळपासून कोरडी राहिली.

सुट्टी संपली तेव्हा तीनशे बारा शर्ट तयार होते. मावशींनी मोजले, मी मोजले, शेवटी मोठ्या बाईंनी स्वतः मोजले. तीनशे बाराच. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला प्रार्थनेला आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. मुलं दहा मिनिटंच उभी राहिली, तीही झाडाखाली. धावतपळत आलेली, बसमध्ये रेटलेली. कुणाची कॉलर एकीकडे, कुणाचा शर्ट मागून चुरगळलेला. मिक्समध्ये सूत जास्त आहे, त्याला घडी पडायचीच.

मोठ्या बाई आमच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "गबाळी दिसतायत हो सगळी," त्या म्हणाल्या.

"दिसू देत," वन्सं म्हणाल्या.